काजळी जळते, राख उरते

धायरीत आमच्या गॅरेजच्या दारात पूर्वी टेम्पो आणि ट्रॅक्टरच जास्त असायचे. नऱ्हे-धायरीच्या वर्कशॉपचा माल वाहणारे टेम्पो आणि डोणजे-खानापूरकडून येणारे ट्रॅक्टर. आता त्यांच्याच रांगेत २०२० नंतरच्या डिझेल मोटारी उभ्या राहतात. दोन्हींचं ऑईल नवं असताना दिसायला सारखंच असतं आणि हाताला लागतंही सारखंच. पण टेम्पोच्या बादलीतलं ऑईल या मोटारीत ओतलं, तर इंजिन त्या दिवशी काहीच तक्रार करत नाही. तक्रार येते दोन-तीन वर्षांनी, आणि तीही इंजिनाकडून नाही, सायलेन्सरच्या बाजूने. त्यामुळे कारण आणि परिणाम एकमेकांशी जोडायला लोकांना जड जातं. मला त्यातलं जे कळत गेलं, ते इथे लिहितो आहे.

१. डीपीएफमध्ये दोन वेगळ्या गोष्टी साठतात, हे समजलं की अर्धा गोंधळ संपतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्याआधी डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. शिवाय कणांच्या संख्येवरही मर्यादा आली. एवढं कमी उत्सर्जन नुसत्या इंजिनाच्या सुधारणेने साधत नाही, म्हणून धुराच्या वाटेत गाळणी बसवली. तोच डीपीएफ. आत सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यात मधाच्या पोळ्यासारखे बारीक उभे बोगदे. एक बोगदा पुढून उघडा आणि मागून बंद, शेजारचा पुढून बंद आणि मागून उघडा. धूर आत शिरतो, पण पुढे वाट नसल्याने सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या बोगद्यात जातो. काजळी भिंतीवर अडकते.

अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळते. त्याला गॅरेजात सगळे ‘रिजन’ म्हणतात. इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, ते पुढच्या कॅटमध्ये पेटतं, गाळणीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं आणि काजळीचा वायू होऊन निघून जातो. पण काजळीबरोबर थोडी राखही आलेली असते. चुलीत लाकूड जळून जातं, राख मात्र कितीही जाळ केला तरी जळत नाही, इथेही तेच. राख भिंतीतून पार होत नाही आणि तापवूनही संपत नाही. दर रिजननंतर ती धुराच्या जोराने बोगद्याच्या मागच्या टोकाला ढकलली जाते आणि तिथे बूच बसावं तशी घट्ट साठते. गाळणी त्या प्रमाणात आखूड होत जाते. म्हणून ‘हायवेला पळवून आणा, मोकळी होईल’ हा सल्ला काजळीसाठी बरोबर आहे. राखेला हायवेचा काही उपयोग नाही.

२. राख डिझेलमधून नाही, ऑईलमधून येते. मला या विषयात सर्वात जास्त विचार करायला लावलं ते याच गोष्टीने.

डिझेलमध्ये जळून मागे राहणारं असं जवळजवळ काही नसतं. ऑईलमध्ये असतं. इंजिन धुऊन स्वच्छ ठेवायला आणि आम्ल मारायला त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची संयुगं घालतात. झीज थांबवायला जस्त आणि फॉस्फरस असलेलं रसायन घालतात. पिस्टनच्या रिंगांवरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून, टर्बोमधून थोडं ऑईल जळतंच. निरोगी इंजिनातही जळतं. तेल जळून जातं, हे धातू मात्र राख होऊन गाळणीत पोहोचतात.

ऑईल किती राख सोडेल ते प्रयोगशाळेत मोजतात. त्याला सल्फेटेड अ‍ॅश म्हणतात आणि ती वजनाच्या टक्क्यांत सांगतात. डीपीएफच्या मोटारींसाठी असलेल्या सी-२, सी-३, सी-५ या युरोपीय दर्जांत ती ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या पद्धतीच्या ए-३/बी-४ ऑईलमध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि ट्रक-टेम्पोच्या सीआय-४ ऑईलवर राखेचं बंधनच नाही.

मग पूर्वी सगळ्याच ऑईलमध्ये एवढं कॅल्शियम का घालत? कारण डिझेलमध्ये गंधक होतं. गंधक जळून आम्ल होतं आणि ते मारायला अल्कलीचा साठा लागतो. बीएस-४ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालत होतं, बीएस-६ मध्ये १० च. आम्ल कमी झालं म्हणून अल्कली कमी केली तरी भागू लागलं. कमी राखेचं ऑईल हे स्वच्छ डिझेलच्या जोरावर उभं आहे. भेसळीचं डिझेल भरणाऱ्या गाडीत हेच ऑईल लवकर थकतं, तेव्हा पंप नीट निवडणं हाही याच हिशोबाचा भाग आहे.

३. डब्याच्या पुढच्या बाजूने काहीच कळत नाही.

‘फुल्ली सिंथेटिक’ हे शब्द वाचून लोक निर्धास्त होतात. पण ते शब्द मूळ तेलाविषयी आहेत आणि मूळ तेल राख सोडतच नाही. राख सोडतात ती त्यात मिसळलेली रसायनं. बाजारात महाग, उत्तम, पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४० ऑईल मिळतं आणि ते ए-३/बी-४ दर्जाचं, म्हणजे भरपूर राखेचं असू शकतं. ते वाईट ऑईल नाही. डीपीएफ नसलेल्या इंजिनासाठी चांगलंच आहे. ५डब्ल्यू-३० हा आकडाही राखेविषयी काही सांगत नाही, तो फक्त पातळ-घट्टपणाचा आहे. एकाच आकड्याचे दोन डबे शेजारी शेजारी असतात, एक कमी राखेचा आणि एक जास्त राखेचा.

खरं काय ते डब्याच्या मागे बारीक अक्षरात असतं. तिथे ACEA या शब्दापुढे C2, C3 किंवा C5 आहे का, ते बघायचं. त्याहून पक्कं म्हणजे गाडीच्या पुस्तकात कंपनीने दिलेला दर्जा जसाच्या तसा डब्यावर आहे का, ते बघायचं. काही जर्मन गाड्यांना VW 507 00 किंवा MB 229.51 असा क्रमांक लागतो. C मधलं कुठलंही चालतं असंही नाही. सी-३ हे तापलेल्या इंजिनात जास्त जाड थर धरतं, सी-२ आणि सी-५ पातळ थराची. सी-३ मागणाऱ्या इंजिनात सी-५ घातलं तर राखेचा प्रश्न सुटेल आणि बेअरिंगचा सुरू होईल. ट्रकच्या ऑईलमधलं नवं सीके-४ पाहून काही जण म्हणतात, यातही राख कमी आहे. जुन्या सीआय-४ पेक्षा कमी आहे हे खरं, पण तिथली मर्यादा १ टक्का आहे आणि ती मोठ्या गाळणीचा विचार करून ठरवलेली आहे.

वरून ओतायच्या छोट्या बाटल्यांबद्दलही एक सांगतो. ‘इंजिन स्मूथ होईल’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांत पुन्हा जस्तच असतं. कमी राखेचं महाग ऑईल भरून त्यात ती बाटली ओतणं म्हणजे दिलेले जादा पैसे वाया घालवणं.

४. नुसतं चुकीचं ऑईल क्वचितच गाळणी मारतं. चुकीचं ऑईल आणि ऑईल पिणारं इंजिन मिळून ती मारतात. हे मला एका गाडीने आकड्यांत दाखवलं.

वडगावात राहणाऱ्या एका प्राध्यापकांची ती गाडी. २०२१ चं मॉडेल, दीड लिटरचं डिझेल इंजिन, रीडिंग ८०,००० च्या पुढे. तक्रार अशी की डीपीएफचा दिवा सारखा लागतो, पिकअप गेला आहे आणि अठराचं अ‍ॅव्हरेज चौदावर आलं आहे. त्यांनी गाडी दोनदा साताऱ्यापर्यंत पळवून आणली होती. दिवा विझायचा आणि आठवड्यात परत लागायचा.

स्कॅनर लावला. दोन रिजनमधलं अंतर जेमतेम १३० किलोमीटर दिसत होतं. या गाडीला ते चारशेच्या आसपास असायला हवं. गाळणीच्या पुढे-मागे किती दाबाचा फरक आहे ते सांगणारा सेन्सर असतो. आयडलला तो २० मिलिबारच्या वर दाखवत होता, त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीला पाच-सहा दाखवतो. मोकळ्या जागेत, खाली सुकं गवत नाही असं बघून, गाडी उभी करून स्कॅनरने रिजन केलं. आता इथेच खरी परीक्षा असते. काजळीचा आकडा खाली आला, दाब मात्र जवळजवळ तिथेच राहिला. काजळी संपल्यावरही दाब उतरत नसेल, तर आत जे उरलं आहे ते जळणारं नाही.

मी विचारलं, “सर, मधल्या काळात ऑईल कुठलं भरलं? बिलं आहेत का?” बिलं नीट फाईलला लावलेली होती. पहिले ५०,००० किलोमीटर बरोबर ऑईल होतं. त्यानंतर गाडी दुसऱ्या एका गॅरेजात जात होती आणि पुढच्या तिन्ही सर्व्हिसिंगला १५डब्ल्यू-४०, सीआय-४, बादलीतलं.

“आणि मध्ये टॉपअप?”

“दोन हजार किलोमीटरला लिटरभर लागतंच,” सर म्हणाले. “डिझेल गाडी आहे, पिणारच ना थोडं?”

इंटरकूलरचा पाईप सोडला तर त्यातून ऑईल ओघळलं. टर्बोच्या शाफ्टला वर-खाली खेळ आला होता, सील गेलं होतं.

मग सरांसमोर कागदावर हिशोब मांडला. ३०,००० किलोमीटरमध्ये दोन हजाराला एक, म्हणजे १५ लिटर ऑईल जळलं. लिटरचं वजन साधारण ८५० ग्रॅम, म्हणजे पावणेतेरा किलो ऑईल. दीड टक्का राख धरली तर १९० ग्रॅम. तेच ऑईल ०.८ टक्क्यांचं असतं तर १०० ग्रॅम. आणि टर्बो धड असता, दहा हजाराला अर्धा लिटरच जळलं असतं, तर? दीड लिटरमागे या बादलीतल्या ऑईलचीसुद्धा १९ ग्रॅमच राख झाली असती, बरोबर ऑईलची १०.

सर आकड्यांकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “म्हणजे टर्बोचा दोष मोठा आणि ऑईलने तो दुप्पट केला.” इतकं नेमकं मला स्वतःला सांगता आलं नसतं. कागदावरची सगळी राख गाळणीत पोहोचत नाही, काही वाटेतच राहते. पण गाळणी काढून, राख साफ करून आणल्यावर आधीच्या आणि नंतरच्या वजनात १०० ग्रॅमच्या आसपास फरक भरला. एवढ्याशा ठोकळ्यासाठी ते फार झालं. राख हातात घेतली तर काजळीसारखी काळी नव्हती; राखाडी, थोडी तांबूस, पिठासारखी.

टर्बो आधी दुरुस्त केला, मग गाळणी बसवली, मग सी-३ ऑईल. हा क्रम उलटा केला तर साफ केलेली गाळणी पुन्हा त्याच वाटेने जाते. शेवटी स्कॅनरमध्ये राखेचा आकडा शून्यावर आणला. ते राहून गेलं तर कॉम्प्युटर जुनाच हिशोब पुढे चालवतो. हा आकडा कुठलाही सेन्सर मोजत नाही. किती किलोमीटर झाले, किती डिझेल जळलं, यावरून कॉम्प्युटर तो अंदाजाने धरतो आणि ऑईल बरोबरच आहे असं गृहीत धरतो. सरांच्या गाडीत तो अगदी सुखाचा आकडा दाखवत होता.

५. सिंहगड रोडवर फिरणाऱ्या गाडीची डिपस्टिक सहजासहजी खरं बोलत नाही.

धायरी फाट्यावरून सकाळी शहरात जाणारी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रखडते. रिजन सुरू होतं, दहा मिनिटांत ऑफिस येतं, गाडी बंद होते. काजळी जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल पूर्ण जळत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमध्ये जातं. अर्धवट राहिलेलं रिजन संध्याकाळी परत सुरू होतं आणि परत अर्धवट राहतं.

अशा गाडीत ऑईलची पातळी वाढते. मॅक्सच्या खुणेवर गेली आणि डिपस्टिकला डिझेलचा वास आला, तर ऑईल पातळ झालं आहे. किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न बघता ते बदलायला हवं. जास्त फसवा प्रकार म्हणजे पातळी वाढतही नाही आणि उतरतही नाही. मालक सांगतात, थेंबभर ऑईल पीत नाही गाडी. आत मात्र ऑईल जळत असतं आणि त्याची जागा डिझेल भरून काढत असतं. राख चाललेली असते, पण काठी बरोबर दाखवते. म्हणून मी पातळीबरोबर वासही बघतो, बोटांत धरून चिकटपणा बघतो आणि शंका आली की इंटरकूलरचा पाईप उघडतो.

रिजन चालू असल्याचं ओळखू येतं: आयडल थोडं चढं, फॅन जोरात, अ‍ॅव्हरेजचा आकडा एकदम खाली. अशा वेळी गाडी बंद न करता नवले पुलाकडून बायपासला घ्यावी, नव्या कात्रज बोगद्यातून खेड शिवापूरच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं एकाच वेगाने चालवावी. साठीचा वेग पुरतो. परत येताना बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार धोक्याचा आहे, तिथे गिअरमध्येच उतरावं, घाई करू नये.

६. साफ करणं आणि कापून टाकणं यांत फार मोठा फरक आहे आणि गिऱ्हाईकाला तो स्पष्ट सांगायला हवा.

सेन्सरच्या भोकातून फवारायचं केमिकल काजळी सैल करतं. राखेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, कारण राख मागच्या टोकाला घट्ट बसलेली असते आणि ती जायची तर ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर यायला हवी. त्यासाठी गाळणी उतरवावी लागते, मागच्या बाजूने हवेचा किंवा पाण्याचा मारा द्यावा लागतो, भट्टीत तापवावी लागते. सिरॅमिकला तडा असेल किंवा आतून वितळलेलं असेल तर साफसफाईचा उपयोग नसतो. मागच्या पाईपात बोट फिरवून काळं आलं तर गाळणी फुटली आहे असं समजावं. आणखी एक मर्यादा आहे. ऑईलमधला फॉस्फरस पुढच्या कॅटच्या धातूवर थर धरतो. मग तिथे डिझेल नीट पेटत नाही, गाळणी तापत नाही आणि साफ केलेल्या गाळणीतसुद्धा रिजन पूर्ण होत नाही.

ठोकळा कापून काढून कॉम्प्युटरला गप्प करून देणारे भेटतात. स्वस्त पडतं. पण कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाविरुद्ध आहे, आणि जो धूर बाहेर पडतो तो मागे स्कूटरवर पोराला शाळेत सोडणाऱ्याच्या नाकात जातो. आमच्याकडे हे काम करत नाही. सिंहगड रोडवर त्या धुरात आम्हीही रोज उभे असतो.

७. ऑईल चुकलं म्हणून सगळं संपलं असं नाही.

एखाद्याच्या गाडीत एका सर्व्हिसिंगला साधं ऑईल पडलं आणि इंजिन ऑईल पीत नसेल, तर वरच्या हिशोबाने सहा-सात ग्रॅमच्या वर राख गेलेली नसते, बरोबर ऑईलनेही त्यातली अर्धी गेलीच असती. पुढच्या वेळी बरोबर ऑईल भरावं, जमल्यास थोडं लवकर. घाबरून त्याच दिवशी डीपीएफ साफ करायला घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवतो. चिंता करायची ती तेच ऑईल वर्षानुवर्षं चालू असेल तर आणि टॉपअप लागत असेल तर.

जुन्या, डीपीएफ नसलेल्या गाडीला कमी राखेचं ऑईल मुद्दाम भरायचीही गरज नाही. तिला राख अडवणारं काही नाही आणि अल्कलीचा मोठा साठा तिच्या कामाचा आहे. टेम्पोवाल्यांना मी त्यांची बादलीच देतो. दोन्ही ऑईलं वेगवेगळ्या रॅकवर असतात, मापंही वेगळी ठेवली आहेत आणि बिलावर नुसतं ‘इंजिन ऑईल’ न लिहिता पूर्ण दर्जा लिहितो, म्हणजे गाडी उद्या दुसरीकडे गेली तरी तिथल्या माणसाला कळेल.

आणि रात्री हायवेवर ऑईलचा लाल दिवा लागला, तर गाडी आधी बाजूला घेऊन बंद करावी आणि पातळी बघावी. ती मिनच्या खाली असेल आणि जवळच्या टपरीत फक्त ट्रकचं ऑईल मिळत असेल, तर ते अर्धा लिटर बिनदिक्कत ओतावं. पाच लिटरच्या चेंबरमध्ये त्याने राखेचं प्रमाण ०.८ वरून ०.८७ टक्क्यांच्या आसपास जातं, एवढंच. ऑईलशिवाय चाललेलं इंजिन पाच मिनिटांत जातं. गाळणीचा विचार सकाळी, गॅरेज उघडल्यावर करता येतो. पण ऑईल ओतूनही दिवा विझला नाही, तर गाडी सुरू करू नये, टोचन करूनच आणावी.